ओपन फीडवॉटर हीटरचं गणित: टर्बाइनमधून किती वाफ काढायची आणि सायकलची कार्यक्षमता कशी मोजायची

रिजनरेटिव्ह सायकलच्या गणितात सूत्र बहुतेकांना पाठ असतं, तरी उत्तर चुकतं. लोणेरे असो, रत्नागिरी किंवा मालवण, डिप्लोमा-डिग्रीच्या उत्तरपत्रिकांत चुका साधारण त्याच तीन ठिकाणी सापडतात. कुठल्या भागातून किती किलो पाणी किंवा वाफ जाते हे लिहिलेलं नसतं. काढून घेतलेली वाफ ओली आहे की सुपरहीटेड हे न तपासता टेबलमधला समोर दिसलेला आकडा उचललेला असतो. आणि पंपाच्या कामात बारचं किलोपास्कल करायचं राहून जातं. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवलं आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की पुढची पायरी मागच्या पायरीच्या आकड्यावरच उभी राहील.

## उदाहरण आणि त्यातले दाब

बॉयलरमधून वाफ ८० बार दाबाला आणि ५०० अंश सेल्सिअसला निघते. टर्बाइनच्या मधल्या टप्प्यातून ८ बारला थोडी वाफ बाहेर काढून ओपन हीटरमध्ये सोडली जाते. उरलेली वाफ ०.१ बारच्या कंडेन्सरमध्ये जाते. टर्बाइन आणि पंप तूर्त आदर्श धरू. टर्बाइनची खरी कार्यक्षमता धरली की काय बदलतं ते शेवटी पाहू.

०.१ बार हा आकडा कोकण किनाऱ्याला साजेसा आहे. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. कंडेन्सरच्या नळ्यांमधून जाताना ते नऊ-दहा अंश तापतं, आणि बाहेर पडणारं पाणी व आतली वाफ यांच्यात पाच-सहा अंशांचा फरक ठेवावा लागतो. बेरीज ४५-४६ अंशांवर येते. ०.१ बारला वाफ ४५.८१ अंशांना पाणी होते, म्हणजे हिशेब जुळतो. थंड प्रदेशातल्या पुस्तकांतली ०.०४ बारची उदाहरणं जयगड किंवा डहाणूच्या मे महिन्यात चालणार नाहीत. ०.०४ बारला वाफेचं तापमान जेमतेम २९ अंश असतं, आणि समुद्रच त्याहून गरम असतो.

बॉयलर आणि कंडेन्सरचे दाब ठरले की मधला ८ बार कुठून आला, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर नंतर येईल, कारण ते समजण्यासाठी हाती आधी एक सोडवलेलं गणित हवं.

## पायरी १: आकृती काढा आणि प्रत्येक रेषेवर वस्तुमान लिहा

स्टीम टेबल अजून उघडू नका. कागदावर बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, हीटर आणि दोन पंप काढा आणि पाणी ज्या दिशेने फिरतं त्या क्रमाने क्रमांक द्या.

- १: कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी, ०.१ बार
- २: पहिल्या पंपानंतर, ८ बार
- ३: हीटरमधून बाहेर पडणारं पाणी, ८ बार
- ४: दुसऱ्या पंपानंतर, ८० बार
- ५: टर्बाइनमध्ये शिरणारी वाफ, ८० बार, ५०० अंश
- ६: टर्बाइनच्या मधून काढलेली वाफ, ८ बार
- ७: टर्बाइनमधून कंडेन्सरमध्ये जाणारी वाफ, ०.१ बार

पंप दोन का लागतात, हे इथेच समजून घ्या. ओपन हीटरमध्ये वाफ आणि पाणी एकमेकांत मिसळतात, म्हणून दोन्ही एकाच दाबाला यायला हवेत. ०.१ बारचं पाणी ८ बारच्या टाकीत आपोआप शिरणार नाही. पहिला पंप ते ८ बारपर्यंत नेतो. मिसळून झालेलं पाणी बॉयलरच्या ८० बारपर्यंत नेण्याचं काम दुसरा पंप करतो. आकृतीत एकच पंप काढला असेल तर पुढचं सगळं गणित चुकणार.

आता वस्तुमान. बॉयलरमधून १ किलो वाफ निघते असं धरा. त्यातली y किलो ६ क्रमांकावर बाहेर पडते. मग आकृतीवर असं लिहा: ३, ४ आणि ५ वर १, ६ वर y, ७, १ आणि २ वर (१ − y).

तपासा: हीटरमध्ये दोन नळ्या शिरतात आणि एक बाहेर पडते. y आणि (१ − y) यांची बेरीज १ येते का? येत नसेल तर क्रमांक चुकले आहेत.

हे लिहायला अर्धा मिनिट लागतो, आणि ज्या चुकांवर सर्वांत जास्त गुण जातात त्या इथेच टळतात. पुढे टर्बाइन, पंप आणि कंडेन्सरचे हिशेब करताना प्रत्येक वेळी या आकृतीकडे पाहायचं आहे. तिथलं वस्तुमान आठवणीवर सोडायचं नाही.

## पायरी २: टर्बाइनमधली वाफ

५ क्रमांकापासून सुरुवात करा, कारण तिथे दाब आणि तापमान दोन्ही माहीत आहेत. ८० बार आणि ५०० अंशांना सुपरहीटेड टेबलमध्ये h₅ = ३३९९.५ आणि s₅ = ६.७२६६ मिळतं. (एन्थाल्पी सगळीकडे किलोजूल प्रति किलोमध्ये आणि एन्ट्रॉपी किलोजूल प्रति किलो-केल्विनमध्ये. वेगळ्या टेबलांत शेवटचा अंक थोडा बदलतो, पण एका गणितात एकच टेबल वापरा.)

टर्बाइन आदर्श आहे, म्हणून s₆ = s₇ = ६.७२६६. आता ८ बारची सॅच्युरेटेड ओळ पाहा. तिथे कोरड्या वाफेची एन्ट्रॉपी, म्हणजे sg, ६.६६१६ आहे. आपली एन्ट्रॉपी तिच्याहून जास्त आहे, म्हणून इथली वाफ सुपरहीटेड आहे.

या जागी घाई केली की फसगत होते, कारण याच वाफेचा दाब थोडा आणखी उतरला की चित्र पालटतं. ६ बारला sg ६.७५९३ आहे, म्हणजे तिथे हीच वाफ ओली असते आणि तिचा कोरडेपणा ०.९९३ येतो. ८ बारला सुपरहीटेड, ६ बारला ओली. "मधली वाफ आहे, ओलीच असणार" असं धरून चालणाऱ्यांचा पहिला आकडा इथेच चुकतो. म्हणून दरवेळी s ची sg शी तुलना आधी लिहून काढा आणि मगच टेबलचं पान निवडा.

८ बारच्या सुपरहीटेड टेबलमध्ये दोन ओळी घ्या. सॅच्युरेटेड वाफ, १७०.४१ अंशांना: h = २७६८.३, s = ६.६६१६. आणि २०० अंशांना: h = २८३९.८, s = ६.८१७७. आपली s या दोघींच्या मध्ये कुठे बसते ते काढा:

(६.७२६६ − ६.६६१६) ÷ (६.८१७७ − ६.६६१६) = ०.०६५० ÷ ०.१५६१ = ०.४१६

एन्थाल्पीही त्याच प्रमाणात पुढे न्या:

h₆ = २७६८.३ + ०.४१६ × ७१.५ = २७९८.१

तापमान सुमारे १८३ अंश येतं. तपासा: h₆ हा २७६८.३ आणि २८३९.८ यांच्या मध्येच हवा. बाहेर गेला तर वजाबाकीत क्रम उलटा झाला आहे.

७ क्रमांकाला काम सोपं आहे. ०.१ बारला sf = ०.६४९२, sfg = ७.४९९६, hf = १९१.८१, hfg = २३९२.१. वाफ स्पष्टपणे ओली आहे.

x₇ = (६.७२६६ − ०.६४९२) ÷ ७.४९९६ = ०.८१०४

h₇ = १९१.८१ + ०.८१०४ × २३९२.१ = २१३०.३

लक्षात घ्या: x₇ आणि x₆ एकमेकांत मिसळू नका. इथे ६ क्रमांकाला x नाहीच. शिवाय कोरडेपणा दोनच अंकांपर्यंत गोल केला, म्हणजे ०.८१ धरला, तर h₇ जवळपास एक किलोजूलने हलतो. चार अंक ठेवा.

## पायरी ३: दोन पंप

१ क्रमांकाला पाणी सॅच्युरेटेड आहे: h₁ = १९१.८१, आणि एका किलोचं आकारमान v₁ = ०.००१०१० घनमीटर. पंपाचं काम म्हणजे हे आकारमान गुणिले दाबातला फरक. दाब बारमध्ये असेल तर उत्तर १०० ने गुणायचं असतं, कारण १ बार म्हणजे १०० किलोपास्कल.

पहिला पंप: ०.००१०१० × (८ − ०.१) × १०० = ०.८०

h₂ = १९१.८१ + ०.८० = १९२.६१

१०० चा गुणक विसरला तर पहिल्या पंपाचं काम ०.००८ येतं आणि कुणाच्याच नजरेत भरत नाही. मग हीच चूक दुसऱ्या पंपातही होते. दुसरा पंप ८ बारच्या सॅच्युरेटेड पाण्यावर चालतो, त्यामुळे तिथे v ८ बारचा घ्यायचा, ०.१ बारचा नाही. गरम पाणी थोडं फुगलेलं असतं: v₃ = ०.००१११५.

दुसरा पंप: ०.००१११५ × (८० − ८) × १०० = ८.०३

८ बारला hf = ७२०.८७, म्हणून h₃ = ७२०.८७ आणि h₄ = ७२०.८७ + ८.०३ = ७२८.९०.

h₃ = hf हे गृहीतक आहे, आणि ते कशावर उभं आहे हे माहीत असावं. आदर्श ओपन हीटरमध्ये इतकीच वाफ सोडायची असते की बाहेर पडणारं पाणी त्या दाबाला नेमकं उकळीच्या टोकावर असेल. वाफ कमी पडली तर पाणी थंड राहतं. जास्त झाली तर काही वाफ पाण्यात न मिसळता उरते. प्रत्यक्ष केंद्रात हेच काम डीएरेटर करतो. उकळीच्या टोकावर असलेल्या पाण्यातून विरघळलेला प्राणवायू सुटतो, आणि तो तिथून बाहेर सोडला जातो. पण उकळीच्या टोकावरचं पाणी पंपात शिरताना दाब जरा जरी उतरला तरी त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पंपाची पाती खराब होतात. म्हणून डीएरेटर पंपापेक्षा बऱ्याच उंचीवर बसवतात, म्हणजे पाण्याच्या उंचीमुळेच पंपाच्या तोंडाशी दाब वाढलेला असतो. आपल्या गणितात ही उंची धरलेली नाही, तिचा एन्थाल्पीवर परिणाम नगण्य आहे.

## पायरी ४: काढलेल्या वाफेचा हिस्सा, y

हीटर बाहेरून चांगला गुंडाळलेला आहे आणि त्यात काही फिरत नाही. म्हणून आत येणारी एकूण एन्थाल्पी बाहेर जाणाऱ्या एन्थाल्पीएवढी असते. पायरी १ ची आकृती समोर ठेवून लिहा:

y·h₆ + (१ − y)·h₂ = १·h₃

बादलीत गार पाणी असतं, त्यात कढत पाणी ओतून आंघोळीपुरतं कोमट करायचं, तसाच हा हिशेब आहे. फरक इतकाच की इथे शेवटी भरणारी बादली नेमकी १ किलोची ठरलेली आहे. y वेगळा काढला की:

y = (h₃ − h₂) ÷ (h₆ − h₂)

y = (७२०.८७ − १९२.६१) ÷ (२७९८.१ − १९२.६१) = ५२८.२६ ÷ २६०५.५ = ०.२०२७

म्हणजे बॉयलरमधून निघालेल्या प्रत्येक किलोतली सुमारे २०३ ग्रॅम वाफ हीटरला जाते आणि ७९७ ग्रॅम कंडेन्सरपर्यंत पोहोचते.

इथली ठरलेली चूक: छेदात h₂ ऐवजी h₃ घातला जातो. मग ५२८.२६ ÷ २०७७.२ = ०.२५४ येतं. हा आकडा निरर्थक नाही, म्हणून तर चूक लवकर सापडत नाही. कंडेन्सरमधून आलेल्या १ किलो पाण्यामागे किती वाफ मिसळावी लागते, ते हा सांगतो, ०.२०२७ ÷ ०.७९७३ केलं तरी ०.२५४ येतं. पण पुढची सगळी सूत्रं बॉयलरमधल्या १ किलोवर बांधलेली आहेत. त्यांत ०.२५४ घातला की उष्णतेचा ताळेबंद मोडतो. तुमच्या पुस्तकात दुसरं सूत्र दिसलं तर त्यातला १ किलो कुठे धरला आहे ते आधी वाचा.

तपासा: y उलटा घालून बघा. ०.२०२७ × २७९८.१ + ०.७९७३ × १९२.६१ हे ७२०.८७ च्या अगदी जवळ यायला हवं.

## पायरी ५: उष्णता, काम आणि कार्यक्षमता

बॉयलरमधून पूर्ण १ किलो जातो, म्हणून आत दिलेल्या उष्णतेत y येत नाही:

q आत = h₅ − h₄ = ३३९९.५ − ७२८.९ = २६७०.६

कंडेन्सरमधून फक्त (१ − y) जातो:

q बाहेर = (१ − y)(h₇ − h₁) = ०.७९७३ × १९३८.५ = १५४५.५

कार्यक्षमता = १ − १५४५.५ ÷ २६७०.६ = ०.४२१, म्हणजे ४२.१ टक्के.

परीक्षेत वेळ नसेल तर इथेच थांबता येतं. वेळ असेल तर दुसऱ्या वाटेनेही काढून पाहा. टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यात १ किलो वाफ काम करते, दुसऱ्या टप्प्यात (१ − y):

टर्बाइन = (३३९९.५ − २७९८.१) + ०.७९७३ × (२७९८.१ − २१३०.३) = ६०१.४ + ५३२.४ = ११३३.८

पंप = ०.७९७३ × ०.८० + १ × ८.०३ = ८.७

निव्वळ काम = ११२५.१

आणि २६७०.६ − १५४५.५ = ११२५.१. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या.

## पायरी ६: जुळलं म्हणजे बरोबर, असं नाही

दोन वाटांचं उत्तर जुळलं की बहुतेक जण वही मिटतात. पण ही पडताळणी कुठली चूक पकडते आणि कुठली नाही, हे माहीत असायला हवं.

वस्तुमानाची चूक ती पकडते. टर्बाइनच्या दुसऱ्या टप्प्यात (१ − y) विसरलात तर निव्वळ काम १२६०.५ येतं आणि कार्यक्षमता ४७.२ टक्के. कंडेन्सरमध्ये (१ − y) विसरलात तर कार्यक्षमता २७.४ टक्क्यांवर कोसळते. दोन्ही वेळा दोन वाटा जुळत नाहीत, म्हणजे चूक लगेच कळते.

टेबल वाचण्यातली चूक मात्र ती पकडत नाही. समजा, h₆ साठी तुम्ही इंटरपोलेशन न करता सरळ hg, म्हणजे २७६८.३, घेतला. मग y ०.२०५१ येतो, q बाहेर १५४०.९ येतो आणि कार्यक्षमता ४२.३ टक्के. टर्बाइनच्या वाटेने काढलं तरी निव्वळ काम ११२९.७ आणि उष्णतेच्या वाटेनेही ११२९.७. सगळं कसं छान जुळतं, पण h₆ चुकीचाच आहे. कारण ऊर्जेचा ताळेबंद कुठल्याही h₆ ला जुळतो, तो आकडा टेबलमध्ये खरोखर आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून पायरी २ मधली "s ची sg शी तुलना" ही वेगळी तपासणी आहे, आणि ती तिथल्या तिथेच करायची.

## साध्या सायकलशी तुलना

हीटर काढून टाकला तर एकच पंप ०.१ पासून ८० बारपर्यंत काम करतो: ०.००१०१० × ७९.९ × १०० = ८.०७. बॉयलरमध्ये शिरणाऱ्या पाण्याची एन्थाल्पी १९९.९ येते, आत दिलेली उष्णता ३१९९.६, निव्वळ काम १२६१.१ आणि कार्यक्षमता ३९.४ टक्के.

| | साधी सायकल | ओपन हीटरसह |
|---|---|---|
| १ किलोमागे दिलेली उष्णता | ३१९९.६ | २६७०.६ |
| १ किलोमागे निव्वळ काम | १२६१.१ | ११२५.१ |
| कार्यक्षमता | ३९.४ टक्के | ४२.१ टक्के |

विद्यार्थी या तक्त्याला हमखास अडखळतात: काम तर कमी झालं, मग फायदा कसला? काम १३६ किलोजूलने घटलं, पण द्यावी लागणारी उष्णता ५२९ किलोजूलने घटली. हीटरला गेलेल्या वाफेने आधी ८० ते ८ बारपर्यंत काम केलं आणि मग तिची उरलेली उष्णता समुद्रात न जाता परत पाण्यात आली. इंधनाच्या हिशेबात बोलायचं तर एका युनिटमागे लागणारी उष्णता सुमारे ९१३० किलोजूलवरून ८५४५ वर येते.

१०० मेगावॉट निव्वळ शक्ती हवी असेल, तर बॉयलरने साध्या सायकलमध्ये सेकंदाला ७९.३ किलो वाफ द्यावी लागते आणि हीटर असताना ८८.९ किलो. म्हणजे बॉयलरला वाफ जास्त द्यावी लागते. "हीटर लावला की वाफ कमी लागते" हे विधान चूक आहे. मात्र त्यातली १८ किलो मधेच बाहेर पडते आणि टर्बाइनच्या शेवटच्या टोकाला ७०.९ किलोच पोहोचते. कंडेन्सरमधून समुद्राला जाणारी उष्णता १५४ मेगावॉटवरून १३७ वर येते. पाणी ९ अंश तापू द्यायचं ठरवलं, तर सेकंदाला सुमारे ४.३ टन समुद्राचं पाणी लागायचं ते ३.८ टनांवर येतं. शेवटची पाती, कंडेन्सर आणि समुद्रपाण्याचे पंप, तिन्ही थोडे लहान होतात.

## ८ बार का?

एकच हीटर असेल तेव्हा मधला दाब निवडायचा ढोबळ नियम असा: कंडेन्सरचं तापमान आणि बॉयलरच्या दाबाचं उकळबिंदू तापमान यांच्या बरोबर मध्ये हीटरचं तापमान ठेवा. ०.१ बारला ४५.८१ अंश, ८० बारला २९५.०१ अंश. मध्य १७०.४१ अंश, आणि ८ बारचं उकळबिंदू तापमान नेमकं तेवढंच आहे. खबरदारी: मध्य तापमानाचा काढायचा, दाबाचा नाही. दाबाची सरासरी काढली तर ४० बार येईल, आणि ते फार वर आहे. ८० बारला उकळबिंदू घ्यायचा, ५०० अंश नव्हे, ही दुसरी चूक.

हा नियम किती ताणता येतो ते याच उदाहरणात दाब बदलून पाहता येतं. १ बारला वाफ काढली तर y सुमारे ०.१० आणि कार्यक्षमता ४१.४ टक्के. ५ बारला y ०.१८ आणि ४२.१. ८ बारला y ०.२० आणि ४२.१. ३० बारला y ०.२८ आणि कार्यक्षमता पुन्हा ४१.४. वक्राचं शिखर चपटं आहे. दाब थोडा इकडे-तिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही, म्हणून टर्बाइनच्या टप्प्यांच्या मधे जिथे वाफ काढण्याची सोय असेल तोच दाब घेतला जातो.

फार खाली काढली तर पाणी पुरेसं तापत नाही. फार वर काढली तर वाफेने अजून पुष्कळ काम केलं असतं ते वाया जातं, शिवाय खूप गरम वाफ आणि ४६ अंशांचं पाणी एकदम मिसळल्याचा तोटा वाढतो. हा तोटा ८ बारलाही आहेच. हीटरमधून बाहेर जाणारी एन्ट्रॉपी आत येणाऱ्या एन्ट्रॉपीहून ०.१६४ ने जास्त आहे:

२.०४५७ − ०.२०२७ × ६.७२६६ − ०.७९७३ × ०.६४९२ = ०.१६४

हा आकडा ऋण आला तर y नक्की चुकला आहे. तो घटवायचा असेल तर एकाऐवजी अनेक हीटर लावून तापमानाची एकेक उडी लहान करावी लागते. मोठ्या संचांत तसंच असतं. पण त्यातला ओपन हीटर सहसा एकच, तो डीएरेटर. बाकीचे बंद प्रकारचे असतात, कारण प्रत्येक ओपन हीटरमागे एक स्वतंत्र पंप लागतो.

## टर्बाइन आदर्श नसेल तर

x₇ = ०.८१ हा आकडा पाहून खरं तर थबकायला हवं. इतक्या ओल्या वाफेतले पाण्याचे थेंब शेवटच्या पात्यांची धार खातात. प्रत्यक्षात कोरडेपणा साधारण ०.८८ च्या खाली जाऊ देत नाहीत, आणि मोठ्या संचांत त्यासाठी वाफ मधेच पुन्हा तापवतात.

टर्बाइनची कार्यक्षमता ८५ टक्के दिली असेल, तर आधी वरचे आदर्श h₆ आणि h₇ काढा, मगच दुरुस्ती करा. कार्यक्षमता प्रत्येक वेळी ५ क्रमांकापासून मोजलेली आहे असं धरलं तर:

h₆ = ३३९९.५ − ०.८५ × ६०१.४ = २८८८.३

h₇ = ३३९९.५ − ०.८५ × १२६९.२ = २३२०.७

कोरडेपणा ०.८९ वर जातो. y पुन्हा काढावा लागतो, आणि हे फार जण विसरतात. h₆ वाढला, म्हणून तेवढंच पाणी तापवायला कमी वाफ पुरते: y = ५२८.२६ ÷ २६९५.७ = ०.१९६. आत दिलेली उष्णता बदलत नाही. q बाहेर = ०.८०४ × २१२८.९ = १७११.७, आणि कार्यक्षमता ३५.९ टक्के.

काही प्रश्नांत कार्यक्षमता प्रत्येक टप्प्याची वेगळी दिलेली असते. तेव्हा दुसऱ्या टप्प्याची सुरुवात ६ क्रमांकाच्या खऱ्या स्थितीपासून करायची. म्हणजे २८८८.३ ला ८ बारवर एन्ट्रॉपी पुन्हा वाचायची आणि तिथून ०.१ बारपर्यंत आदर्श उतार काढायचा. दोन्ही रीतींनी h₇ थोडा वेगळा येतो. प्रश्नात "टर्बाइनची" लिहिलंय की "प्रत्येक टप्प्याची", ते वाचून रीत निवडा आणि कुठली घेतली ते उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.